हळद-बेदाण्याच्या ऑनलाइन दुकानात आधी सर्च की शिफारशी?

समजा, सांगलीत तुमचं हळद, बेदाणा आणि मसाल्यांचं दुकान आहे. वेबसाइट नवी आहे, दोनेकशे वस्तू चढवून झाल्या आहेत. डेव्हलपर विचारतोय, सर्च नीट करू की ‘हेही घ्या’ अशी शिफारशींची पट्टी लावू? पैसे एकाच कामापुरते आहेत. माझं मत स्पष्ट आहे, आधी सर्च.

सर्चमध्ये गिऱ्हाईक आपली गरज स्वतः सांगतं. त्याला लॉगिन लागत नाही, जुन्या खरेदीची नोंद लागत नाही, पहिल्यांदा आलेल्यालाही वस्तू सापडते. सगळा भार पडतो तो तुमच्या मजकुरावर. वेबसाइट प्रत्येक शब्दासाठी, तो कोणकोणत्या वस्तूंच्या नावात आणि वर्णनात आहे, याची यादी करून ठेवते. मोजक्याच वस्तूंत असलेल्या शब्दाला ती जास्त वजन देते. म्हणून ‘राजापुरी’ टाकलं की नेमकी हळद वर येते, आणि प्रत्येक वस्तूच्या नावात ‘सांगली’ घातलं तर त्या शब्दाने क्रम ठरवायला काहीच मदत होत नाही.

घोळ होतो तो शब्द न जुळल्यामुळे. तुम्ही ‘बेदाणा’ लिहिलंय, गिऱ्हाईक ‘बेदाना’ टाकतं, कुणी ‘किसमिस’, कुणी इंग्रजी कीबोर्डवरून kismis. ‘हळदीची पावडर’ हा तर मराठीचा खास प्रश्न. ‘ची’ काढलं तरी ‘हळदी’ उरतं, आणि कॉम्प्युटरला ‘हळद’ आणि ‘हळदी’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. तेव्हा विभक्ती छाटून मूळ शब्दापर्यंत नेणारा नियम हवा, आणि त्याच्या जोडीला समानार्थी शब्दांची फाइल:

```
बेदाणा, बेदाना, किसमिस, bedana, kismis
हळद, हलद, halad, haldi
मनुका => मनुका, बेदाणा
```

शेवटची ओळ मुद्दाम एकेरी आहे. ‘मनुका’ म्हणताना कुणाच्या मनात काळ्या मनुका असतात, कुणाच्या मनात बेदाणा, म्हणून दोन्ही दाखवायचं. पण ज्याने ‘बेदाणा’ टाकलं त्याच्यासमोर काळ्या मनुका आणायचं कारण नाही. ही फाइल घरी बसून पूर्ण होत नाही. ज्या शोधांना एकही वस्तू सापडली नाही, त्यांची नोंद डेव्हलपरकडून दर आठवड्याला मागून घ्या. कुठला शब्द घालायचा राहिलाय हे गिऱ्हाइकांनीच तिथे टाइप केलेलं असतं.

शिफारशीचं गणित उलटं आहे. इथे गिऱ्हाईक काही बोलत नाही, त्याने मागे काय घेतलं यावरून अंदाज बांधायचा असतो. म्हणजे ऑर्डर वेबसाइटवरून यायला हवी, आणि माणसागणिक शिफारस करायची तर लॉगिनही हवं. आपल्याकडे निम्मं काम फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होतं, ते नोंदवलं नाही तर पट्टीला त्याचा पत्ताच नसतो. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ या पद्धतीला मजकुराची फारशी गरज नाही. तिला प्रत्येक वस्तूचा कायमचा एकच कोड लागतो. दर हंगामाला नवा बेदाणा नव्या कोडने चढवलात, तर गेल्या वर्षीची सगळी माहिती पट्टीच्या दृष्टीने पुसली गेली.

आता एक हिशोब बघा. 1,000 ऑर्डरी आहेत, 300 मध्ये हळद, 400 मध्ये बेदाणा, आणि 120 मध्ये दोन्ही. आकडा मोठा दिसतो. पण दोघांचा काही संबंध नसता तरी 1,000 च्या 30 टक्क्यांच्या 40 टक्के, म्हणजे 120 च ऑर्डरी जुळल्या असत्या. ही जोडी काहीच सांगत नाही, दोन्ही वस्तू खपतात इतकंच. लोणचं मसाला मात्र फक्त 50 ऑर्डरींत आहे. योगायोगाने त्यातल्या 15 मध्ये हळद असती, प्रत्यक्षात 30 मध्ये आहे. दुप्पट. ही जोडी पट्टीवर लावण्यासारखी.

हाच हिशोब 60 ऑर्डरींवर करून बघा. हळद 18 मध्ये, लोणचं मसाला 3 मध्ये, दोन्ही 2 मध्ये. अपेक्षा 0.9 ची होती, म्हणजे इथेही दुपटीच्या वर. पण हे सगळं दोन माणसांवर उभं आहे. त्यातला एक जण नसता तर जोडी विरून गेली असती. नव्या दुकानात नेमकं हेच होतं, आणि पट्टीवर भलत्याच वस्तू दिसू लागतात. नवी वस्तू तर कुणी घेतलेलीच नसते, त्यामुळे ती पट्टीवर येतच नाही.

तोवर जोड्या हाताने लावा. लोणचं मसाल्याच्या पानावर हळद, हिंग आणि मोहरीची डाळ ठेवायला कुठलंही गणित लागत नाही, गल्ल्यावर बसणाऱ्याला ते पाठ असतं. पुढे एकेका जोडीच्या वीस-पंचवीस ऑर्डरी दिसू लागल्या की आपोआप चालणारी पट्टी करून घ्या. तेव्हाही निम्म्या गिऱ्हाइकांना ती दाखवू नका आणि दोन्ही गटांतल्या ऑर्डरींची सरासरी रक्कम ताडून पाहा. पट्टीवर किती क्लिक झाले हे मोजण्यात अर्थ नाही, कारण समोर दिसतं त्यावर लोक बोट ठेवतातच.