'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मूळ हप्त्यांनुसार: आठ महिन्यांच्या वाचनानंतरचा अनुभव

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी त्याच्याच 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत ३६ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. १ डिसेंबरलाच सुरुवात करून आणि मूळ अंकात जितका मजकूर होता तितकाच आठवड्याला घेऊन मी ती वाचली. पुढचे पान हाताशी असूनही उलटायचे नाही, एवढाच नियम ठेवला होता. कादंबरी पूर्वी सलग वाचलेली असल्यामुळे दोन्ही वाचनांची तुलना करता येते. हा अभिप्राय कादंबरीच्या थोरवीविषयी नसून हप्त्याहप्त्याने वाचण्याच्या या पद्धतीविषयी आहे, आणि त्यातही प्रत्येक हप्ता वाचकाला परत आणण्यासाठी शेवटी काय करतो, याविषयी आहे. पहिल्या काही हप्त्यांतील कथाभाग पुढे उघड केला आहे; मधले मोठे रहस्य मात्र मी सांगणार नाही.

तयारी फारशी लागत नाही. बाजारातील बहुतेक आवृत्त्यांत हप्त्यांच्या सीमा दाखवलेल्या नसतात, केवळ प्रकरणे असतात. त्यामुळे कोणत्या आठवड्यात कोणती प्रकरणे आली याची यादी आधी करून ठेवावी लागते. बकिंगहॅम विद्यापीठाच्या 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर मूळ अंकांची पाने विनामूल्य पाहता येतात, त्यावरून ही यादी सहज होते. एका आठवड्याला कधी एक, कधी दोन प्रकरणे, म्हणजे सरासरी पाच हजार शब्द येतात. हे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोबाइलवरील आजच्या कथामालिकांचे भाग पुष्कळदा हजारभर शब्दांतच संपतात, त्यामुळे त्यांना शेवटाखेरीज दुसरे काही करायला फारशी जागाच उरत नाही. पाच हजार शब्दांत एक प्रसंग पूर्ण होतो, एखादे पात्र मनात ठसते, आणि मग शेवटची ओढ येते.

ही कादंबरी साप्ताहिकात आली तीच मुळी व्यवहाराच्या निकडीतून. डिकन्सच्या मनात ती महिन्याला एक याप्रमाणे वीस मोठ्या भागांत काढण्याची होती. परंतु साप्ताहिकात चालू असलेली चार्ल्स लीव्हर यांची 'अ डेज राइड' ही कथा वाचकांना धरून ठेवीना, अंकाचा खप उतरू लागला, आणि डिकन्सने आपली नवी कथा पुढे आणली. दोन पेनी किमतीच्या अंकाच्या पहिल्याच पानावर ती छापली जाऊ लागली आणि लीव्हर यांची कथा मागल्या पानांवर चालू राहिली. खप सावरण्यासाठीच लिहिलेली कथा असल्यामुळे तिच्या पहिल्या काही हप्त्यांत परत येण्याचे कारण किती काळजीपूर्वक रचले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या हप्त्याचे उदाहरण घेतो. पिप हा अनाथ मुलगा आपल्या थोरल्या बहिणीकडे राहतो. तिच्या नवऱ्याचे नाव जो, आणि तो लोहार आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दलदलीतल्या दफनभूमीत पिपला बेड्या घातलेला एक पळालेला कैदी गाठतो आणि धमकावून कानस व खायला मागतो. पिप घरातून दोन्ही चोरतो. चोरलेल्या पदार्थांत पाहुण्यांसाठी ठेवलेला, डुकराच्या मांसाचे सारण भरून भाजलेला 'पाय' हा पदार्थही असतो. ८ डिसेंबरच्या हप्त्यात नाताळचे जेवण चालले आहे आणि बहीण तोच 'पाय' आणायला कोठीत जाते. आता चोरी उघडकीस येणार म्हणून पिप दाराकडे धावतो, तो दारातच बंदुका घेतलेले शिपाई उभे असतात आणि त्यांतला एक जण त्याच्यापुढे हातकड्या धरून 'चल, लवकर' असे म्हणतो. हप्ता इथे संपतो.

सलग वाचताना या ठिकाणी मी थांबलोच नव्हतो. पान उलटले आणि दोन ओळींत उत्तर मिळाले. या वेळी संपूर्ण आठवडा मध्ये गेला आणि १५ डिसेंबरचा हप्ता उघडल्यावर कळले की हातकडीचे कुलूप बिघडले आहे आणि शिपाई ती लोहाराकडून दुरुस्त करून घ्यायला आले आहेत. म्हणजे धसका खोटा होता. असा खोटा धसका आजच्या मालिकांतही पदोपदी भेटतो आणि बहुतेक वेळा वाचकाची चिडचिड होते, कारण उलगडा झाल्यावर कथा होती तिथेच राहते. इथे तसे होत नाही. शिपाई आल्यामुळे सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडे जाते, 'पाय'ची चौकशी बाजूला पडते आणि पिप त्या क्षणापुरता वाचतो. परंतु ते शिपाई त्याच कैद्याच्या शोधावर निघालेले असतात, आणि जो व पिप त्यांच्यामागून दलदलीत जातात. जी भीती खोटी ठरली तिच्यातूनच खरी भीती निघाली. हप्त्याचा शेवट प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखायची माझी खूण आता हीच आहे: उलगडा झाल्यानंतर पात्रांची स्थिती बदललेली असली पाहिजे. ज्या कथामालिका मी मध्येच सोडून दिल्या, त्यांत पुढचा भाग मागच्या भागाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा छापून सुरू होत असे, आणि मग 'दारात शेजारच्या काकू होत्या' असे सांगून विषय संपत असे.

मात्र प्रत्येक हप्ता असा दचकवून संपतो ही समजूत या आठ महिन्यांत पूर्ण गळून पडली. चौथा हप्ता एका साध्या कुतूहलावर संपतो: मिस हॅविशम नावाच्या कोण्या श्रीमंत बाईंकडे पिपला खेळायला पाठवतात, पण का आणि काय खेळायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. पाचव्यात उत्तर मिळते, ते त्या जुन्या पिवळ्या पडलेल्या लग्नाच्या पोशाखातील बाईंचे आणि नऊला वीस मिनिटे असताना बंद पडलेल्या घड्याळांचे. आणि हा पाचवा हप्ता संपतो तो कोणत्याही संकटावर नाही. एस्टेला नावाच्या मुलीने हिणवल्यानंतर पिप घरी चालत येतो, आपले हात खरखरीत आणि बूट जाडजूड आहेत असा विचार करत. पुढे काय घडेल असा प्रश्नच इथे नसतो. तरीही आठवडाभर मनात सर्वांत अधिक घोळला तो हाच शेवट. घटनेवर तोडलेला हप्ता उत्तर मिळाले की विसरला जातो. पात्राच्या मनाला लागलेल्या गोष्टीवर तोडलेला हप्ता पुढील अनेक हप्त्यांना पुरतो. पिपचे पुढचे बरेचसे वागणे याच लाजेतून येते.

तिसरा प्रकार मला सर्वांत धाडसी वाटला. ४ मे १८६१ च्या तेविसाव्या हप्त्याच्या शेवटी डिकन्स एक पौर्वात्य गोष्ट सांगतो: सुलतानाने शत्रूवर पाडण्यासाठी एक प्रचंड शिळा खाणीतून काढवली, ती छतात बसवली, तिचा दोर कोरलेल्या भुयारांतून लांबवर नेला, आणि ठरल्या रात्री कुऱ्हाडीने दोर तोडताच छत कोसळले. माझ्या बाबतीतही सर्व तयारी झाली होती आणि माझे छत माझ्यावर कोसळले, असे पिप सांगतो. आणि हप्ता थांबतो. काय कोसळले, याविषयी चकार शब्द नाही. आघात होणार हे आधीच सांगून टाकल्यामुळे पुढच्या आठवड्यात वादळी रात्री जिन्यात पावलांचा आवाज येतो तेव्हा वाचक चकित व्हायला नव्हे, तर आघात झेलायला तयार होऊन बसलेला असतो. त्या चोविसाव्या हप्त्यापाशी कादंबरीचा दुसरा टप्पा संपतो. तिन्ही टप्पे प्रत्येकी बारा हप्त्यांचे आहेत, ही समांतर रचना सलग वाचताना माझ्या अजिबात ध्यानात आली नव्हती.

आता उणिवा. पिपच्या लंडनमधील दिवसांचे, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये येणारे, हप्ते आठवड्याच्या अंतराने वाचताना ढिले वाटतात. जेवणावळी, कर्ज, वेमिक या वकिलाच्या कारकुनाचे घर, नाटकाची रात्र: सलग वाचनात ही प्रकरणे एकमेकांना सांभाळून घेतात, पण त्यांपैकी एकच हाती धरून पुढच्या शनिवारपर्यंत राहायचे म्हटले की हात रिकामाच वाटतो. या काळात माझी वाचनाची शिस्त दोनदा मोडता मोडता राहिली.

दुसरी अडचण विस्मरणाची. सहाव्या हप्त्यात एक अनोळखी माणूस खानावळीत आपला पेला कानशीने ढवळतो आणि पिपच्या हाती दोन नोटा देऊन जातो. त्या नोटांचा धागा पुन्हा वर येतो तो सतराव्या हप्त्यात, घोडागाडीतल्या दोन कैद्यांच्या बोलण्यातून. मध्ये अडीच महिने गेलेले असतात. मला तो माणूस आठवला, पण चाचपडत. आणि गंमत अशी की पिपलाही ती जुनी गोष्ट अशीच, नको असताना आठवते. तरीही ज्यांना नावे लक्षात राहत नाहीत त्यांनी प्रत्येक हप्त्यानंतर दोन ओळींचे टिपण ठेवावे. नवा हप्ता सुरू करण्यापूर्वी मागच्या हप्त्याचे शेवटचे पान पुन्हा वाचणे हाही उपाय चांगला चालतो. संपूर्ण हप्ता पुन्हा वाचण्याची गरज पडत नाही.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपर्यंत गेली. तीही अशीच वाचावी असा विचार आहे, मात्र त्यासाठी हप्त्यांच्या मूळ सीमा जुन्या अंकांतून शोधून काढाव्या लागतील.

हा प्रयोग करायचा असल्यास १ डिसेंबरलाच सुरू करावा, कारण कथाही नाताळच्या आदल्या दिवशी सुरू होते आणि पहिले तीन हप्ते त्याच मोसमात वाचले जातात. कादंबरी प्रथमच वाचणाऱ्याने मागील मलपृष्ठ आणि प्रस्तावना दोन्ही टाळावीत. चोविसाव्या हप्त्यापर्यंत जपलेली गोष्ट प्रस्तावनांत पुष्कळदा पहिल्या दोन पानांतच सांगून टाकलेली असते. जे आधी वाचून झाले आहेत त्यांनीही वाचावे, फक्त फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत थोडा धीर धरायची तयारी ठेवावी.