निर्यातीच्या गाड्या: बंदरातील यार्ड की कारखान्याजवळचे यार्ड?

चाकण-तळेगाव पट्ट्यातून रो-रो, म्हणजे गाड्या चालवत आत नेता येणाऱ्या, जहाजाने नव्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्यांना पहिल्याच लॉटच्या वेळी ठरवावे लागते, की कारखान्यातून निघालेल्या गाड्या थेट बंदरातील यार्डात नेऊन जहाज येईपर्यंत तेथेच ठेवायच्या, की त्या कारखान्याजवळ सांभाळून जहाजाची तारीख पक्की झाल्यावरच घाटाखाली उतरवायच्या. मी काही वर्षे पहिला मार्ग वापरला आणि नंतर दुसऱ्याकडे वळलो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून बंदरातील यार्डाची बाजू आधी मांडतो; ती कमकुवत नाही.

रो-रो जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. चालकांची टोळी रॅम्पवरून एकामागून एक गाड्या आत नेते, रिकामी व्हॅन त्यांना परत यार्डात आणते, आणि हा फेरा सुरू झाला की ठरलेल्या लॉटमधील गाडी रांगेत नसेल तर तिची जागा रिकामी जाते व त्या रिकाम्या जागेचेही भाडे, म्हणजे डेड फ्रेट, बहुधा आपल्याच माथी येते. एका ट्रेलरवर ८ गाड्या धरल्या तर ४०० गाड्यांच्या लॉटला ५० फेऱ्या लागतात. खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर उलटला, किंवा अवजड वाहनांच्या शहरप्रवेशाची वेळ हुकली, की त्या दिवसाचे सारे गणित चुकते. मुंबईच्या इंदिरा डॉकला लॉक गेट असल्यामुळे जहाजाची आत येण्याची वेळ भरती पाहून ठरते आणि तीही पुढे-मागे होते. गाड्या आधीच बंदरात उभ्या असतील तर यातील कोणतीही चिंता उरत नाही. ज्यांचे लॉट लहान आहेत, किंवा ज्यांना ट्रेलर ऐनवेळी मिळण्याची खात्री नाही, त्यांनी हा मुद्दा हलका मानू नये.

मला मात्र एका गोष्टीने निर्णय बदलायला लावला, आणि ती गोष्ट डोळ्यांना सहज दिसतसुद्धा नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदरात आमच्या पांढऱ्या हॅचबॅक गाड्यांचा एक लॉट जहाज लांबल्यामुळे तीन आठवडे उभा राहिला. यार्डाच्या एका कडेला रेल्वेचा रूळ होता आणि पलीकडच्या धक्क्यावर पोलादाचा माल उतरत होता. गाड्यांवर धुळीचा थर बसला होता. तो नेहमीचाच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. जहाजाच्या आदल्या दिवशी पाहणी सोपी व्हावी म्हणून यार्डातील माणसांनी गाड्या कोरड्या फडक्याने पुसल्या. रात्री दव पडले आणि सकाळी टपाच्या मागच्या भागावर, डिकीवर आणि आरशांच्या वरच्या बाजूला मोहरीपेक्षाही बारीक नारिंगी ठिपके उमटले.

ते लोखंडाचे कण होते. रुळावर चाके व ब्रेक घासून किंवा पोलाद कापताना उडालेला कण तापलेल्या रंगावर बसतो, वरच्या क्लिअर कोटमध्ये रुततो, आणि ओल मिळाली की गंजतो. ठिपका दिसण्याआधी तो ओळखण्याची रीत साधी आहे. गाडी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी, हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटे पृष्ठभागावरून अलगद फिरवावीत. रंग स्वच्छ असेल तर बोटे घसरतात, कण असतील तर बारीक वाळूसारखे खरखरते. असे कण कोरड्या फडक्याखाली आले तर ते रंगावर ओढले जातात आणि केसासारखे गोल ओरखडे पाडतात. हे ओरखडे यार्डातील घाईच्या पाहणीत नजरेतून सुटतात. परदेशातील विक्रेत्याच्या शोरूममध्ये दिव्याखाली मात्र स्पष्ट उठून दिसतात. ठिपके काढण्यासाठी लोखंड विरघळवणारे द्रावण, त्यानंतर ओल्या पृष्ठभागावर उरलेले कण ओढून काढणारी क्ले आणि शेवटी पॉलिश, असे क्रमाने करावे लागते. आम्हाला चाळीसएक गाड्यांचे हे काम बंदरातच, पाण्याची टाकी भाड्याने आणून करावे लागले, आणि तेवढ्या गाड्या त्या जहाजाला मुकल्या.

त्यानंतर आम्ही बॉनेट व टपावर पांढरी संरक्षक फिल्म लावून पाहिली. झाकलेल्या भागाला ती उपयोगी पडते यात शंका नाही. पण आरसे, डिकी आणि दारांच्या वरच्या कडा उघड्याच राहतात, आणि फिल्मची एखादी कड सुटली तर वाऱ्याने ती फडफडून स्वतःच रंग घासते. फिल्म लावूनही गाडी जेथे उभी आहे तेथील हवा बदलत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

बंदरातील यार्डाबद्दल आणखी एक तक्रार नोंदवतो. जागा मोक्याची असल्याने दुसऱ्या जहाजाचा लॉट आला की आपल्या गाड्या बाजूला सरकवल्या जातात. या शिफ्टिंगमध्ये दार उघडताना शेजारच्या गाडीला कड लागते. शिवाय दोन मिनिटांसाठी इंजिन सुरू केल्याने स्टार्टरने घेतलेली वीज बॅटरीत पुरती परत जात नाही. माझ्या अनुभवात जहाजाच्या दिवशी सुरू न होणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच, तीन-चार वेळा हललेल्या असत. उभ्या बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या खाली दिसला की आम्ही ती चार्जिंगला घेतो. एकाच जागी स्थिर असलेल्या गाड्यांत ही वेळ बरीच उशिरा येते, आणि बॅटरी वाचवणारा ट्रान्सपोर्ट मोड चालू ठेवला असेल तर आणखी उशिरा.

कारखान्याजवळचे यार्ड म्हणजे सर्व दोषांवर उतारा, असे मी म्हणणार नाही. ते कारखान्यापासून चालवत नेण्याच्या अंतरावर हवे. अंतर जास्त असेल तर गाडी एकदा कारखान्यात आणि पुन्हा यार्डात, अशी दोनदा ट्रेलरवर चढते, आणि वरच्या मजल्यावर चढताना पुढच्या बंपरची खालची कड घासण्याची शक्यता दुपटीने वाढते. मग यार्डातील स्वच्छ हवेचा फायदा तेथेच संपतो. झाडाखालची सावली मोहात पाडते, पण पक्ष्यांची विष्ठा उन्हात काही तासांतच क्लिअर कोटवर डाग पाडते, म्हणून मी उघडी, सपाट आणि पाण्याचा निचरा असलेली जमीन पसंत करतो. अशा सपाट जमिनीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडता येतो, त्यामुळे पावसाळ्यात ब्रेक चिकटत नाहीत. धुण्यासाठी पाणी, धुतल्यानंतर पाहणीसाठी सावलीचा एक मांडव आणि रोज एक फेरी मारणारा माणूस, एवढी व्यवस्था येथे बंदराच्या मानाने स्वस्तात होते.

दुसरा लाभ जबाबदारी ठरवण्यात मिळतो. ट्रेलरवर चढवताना आणि बंदराच्या फाटकावर उतरवताना दोन्ही पक्षांनी मिळून पाहणी केली, की प्रत्येक ओरखडा पाच अंकी संकेतात नोंदला जातो: दोन अंक जागेचे, दोन नुकसानीच्या प्रकाराचे, एक आकाराचा. धुतलेल्या गाडीवर ही नोंद विश्वासार्ह असते. तीन आठवड्यांच्या धुळीखालून केलेली नोंद पुढे दाव्याच्या वेळी टिकत नाही, कारण ओरखडा धुळीच्या आधीचा की नंतरचा हे कोणालाच सांगता येत नाही.

आता ४०० गाड्यांच्या लॉटसाठी आमचा क्रम असा आहे. शनिवारी जहाज आणि शुक्रवारी संध्याकाळी कट-ऑफ, म्हणजे गाड्या बंदरात पोहोचण्याची शेवटची वेळ, असेल तर सोमवारपासून गुरुवारपर्यंत रोज १२ ते १३ ट्रेलर निघतात आणि शुक्रवार घाटात अडकलेल्या ट्रेलरसाठी राखीव राहतो. जून ते सप्टेंबर या काळात आम्ही दोन दिवस आधी सुरुवात करतो. बंदरात पोहोचलेली गाडी तेथे एरवी फार तर पाच-सहा दिवस आणि पावसाळ्यात आठवडाभर उभी राहते, रुळाच्या कडेची रांग आम्ही घेत नाही, आणि जहाज आठवड्याहून अधिक लांबणार असे कळले तर उरलेले ट्रेलर चाकणमध्येच थांबवतो.