फ्रिज एक घेतला, लोन दोन निघाले! सिबिल रिपोर्ट पूर्ण वाचा रे बाबांनो

दिवाळीत सीताबर्डीच्या एका दुकानातून ३२,९९० चा फ्रिज घेतला, शून्य टक्के, दहा हप्ते, ३,२९९ चा एक. तो फ्रिज अजून मस्त चालू आहे, हप्ते पण सगळे टायमावर गेले. मग एप्रिल २०२५ मध्ये बेसा साइडच्या फ्लॅटसाठी होमलोन टाकलं तर बँकेचा माणूस म्हणतो, साहेब स्कोर ६११ आहे, तुमचं लोन थकून राहिलं. मी म्हटलं कोणतं लोन?

रिपोर्ट काढला. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून फुकट मिळते, एजंटला पैसे देऊ नका. सगळे फक्त स्कोरचा आकडा पाहतात, तुम्ही खाली या. माझ्यात एकाच फायनान्स कंपनीचे, एकाच तारखेला उघडलेले दोन कंझ्युमर लोन. एक ३२,९९० चं, माझं. दुसरं ४१,९९९ चं, बारा महिन्यांचं. त्याच्याखाली महिन्या-महिन्याचे चौकोन असतात, किती दिवस उशीर झाला ते. पहिले दोन ०००, मग ०२९, ०५७, ०८८. ओव्हरड्यू १०,५००. म्हणजे चोरानं पहिले दोन हप्ते स्वतः भरले, बोंब लवकर होऊ नये म्हणून! आणि वसुलीचा एकही फोन मला का नाही आला, तेही त्याच रिपोर्टात दिसलं. कॉन्टॅक्टच्या भागात माझ्या नंबरखाली एक भलताच मोबाईल नंबर होता. तो भाग तर कोणीच वाचत नाही.

आता तो क्षण. फायनान्सच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, "काका, सर्वर डाऊन आहे, पहिलं फेल झालं, अजून एक ओटीपी येईल." आला. त्या मेसेजमध्ये ४१,९९९ लिहिलेलं होतं हो! आजही मोबाईलमध्ये आहे, वाचला की डोकं फिरते. पण दिवाळीची गर्दी, मागे लाइन, बायको टेम्पोवाल्याशी भाव करून राहिली, आणि सहा आकडे सोडून मेसेज वाचतो कोण? तुम्ही वाचता का? ओटीपी दुसऱ्यांदा मागितला की आधी रक्कम पाहा, आणि "फेल झालं" म्हणाला तर फेल झाल्याचा मेसेज दाखव म्हणा.

तक्रारीचं ऐका. ब्युरोच्या साइटवर रिपोर्टचा कंट्रोल नंबर टाकून डिस्प्यूट टाकला, "हे खातं माझं नाही" हाच पर्याय निवडून. रक्कम चुकली असा टाकू नका, कारण त्याचा अर्थ खातं तुमचं आहे असा होते. ब्युरो स्वतः काही बदलत नाही, कंपनीला विचारते फक्त. कंपनीनं उत्तर दिलं, ओटीपी व्हेरिफाइड, बदल नाही. बस! तीस दिवसांत निकाल नाही लागला तर रोजचे १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण "बदल नाही" हाही निकालच धरतात, म्हणून हे लोक पटकन नाही म्हणून मोकळे होतात.

पोलीस स्टेशनला म्हणे हा फायनान्सचा मामला आहे. सायबरवाले म्हणे ओटीपी तुम्हीच दिला न. कस्टमर केअरची पोरगी म्हणे ब्रांचला जा, ब्रांचवाले म्हणे आमच्याकडून काही होत नाही, कस्टमर केअरला फोन करा. दुकानदार म्हणे तो पोरगा आमचा नाहीच, कंपनीचा. कंपनी म्हणे एजन्सीचा. सगळ्यांचा होता तेव्हा टेबल तर तुमच्याच दुकानात होतं न बे! आणि वसुलीवाला गोड बोलून सांगते, ३४,९९९ बाकी आहे, २४,००० मध्ये सेटल करून टाका. खबरदार! भरले म्हणजे लोन कबूल केलं, आणि वरून रिपोर्टात "सेटल्ड" चिकटते, ते पाहून बँका लोन देत नाहीत.

काम कशानं झालं तर कागदानं. कंपनीच्या नोडल ऑफिसरला लेखी मागितलं: करारनामा, दुकानाचं बिल, डिलिव्हरीची सही, आणि नाकारण्याचं कारण. कारण द्यावंच लागते त्यांना. बिल आलं, मोबाईलचं! सही माझी नाही, हप्त्यासाठी माझ्या खात्याचा मँडेट नाही, संपर्काचा नंबर माझा नाही. तरी कंपनी हटली नाही, तेव्हा हे सगळं लावून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार पाहिजे, त्यांनी नाकारली किंवा तीस दिवस गप्प बसले तरच तिथं घेतात. मग अचानक कंपनीला सुचलं की खातं काढता येते.

काढलं, पण ब्युरो चार आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. तीन ठिकाणी साफ झालं, एका ठिकाणी ते ४१,९९९ अजून माझ्याच नावावर बसून आहे, तिथं वेगळा डिस्प्यूट टाकला आहे. तोवर फ्लॅट दुसऱ्यानं घेतला आणि बिल्डर ५१,००० चं टोकन परत द्यायला तयार नाही.