कन्सोल, टीव्ही, साउंडबार आणि राउटर एकाच स्ट्रिपवर: सात-आठ महिने वापरल्यावर

आधी मुद्द्याचं सांगतो, ही चार यंत्रं मिळून एका सॉकेटला जड जात नाहीत. लोक "चार प्लग एकाच ठिकाणी, जळेल की" म्हणून घाबरतात आणि जिथे खरंच जळतं तिकडे कुणी बघत नाही. मी सुद्धा स्ट्रिप घेताना लोडचाच विचार करत होतो, पण इतके महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की स्ट्रिप निवडायची ती सॉकेटच्या आत प्लगची पीन धरणाऱ्या पत्र्याच्या पकडीवर आणि वायरच्या जाडीवर, बाकी जे खोक्यावर छापलेलं असतं ते नंतर.

हिशोब करून बघा. माझा कन्सोल पहिल्या मॉडेलचा पीएस5, लेबलवर 350 वॅट. टीव्ही 55 इंची, मागच्या स्टिकरवर 180. साउंडबारच्या खोक्यावर मोठ्ठं 300 वॅट लिहिलंय पण तो आवाजाचा आकडा, वीज किती खातो ते मागच्या छोट्या लेबलवर असतं, तिथे 45 आहे. राउटरच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट 2 ॲम्पिअर, म्हणजे जास्तीत जास्त 24 वॅट, थोडे अडॅप्टरचे स्वतःचे धरा. सगळं मिळून साधारण 600 वॅट, भागिले 230 व्होल्ट, 2.6 ॲम्पिअर. साधं 6 ॲम्पिअरचं सॉकेट 1380 वॅट देतं, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी लेबलवरचं पूर्ण खाल्लं तरी निम्म्याच्या आत.

आणि तेवढं ते खात पण नाहीत. प्लगमध्ये लावायचं वॅट मीटर आणून भिंतीच्या सॉकेटला लावलं, त्याला स्ट्रिप, आणि बघत बसलो. भारी ग्राफिक्सचा गेम चालू असताना एकूण आकडा 350 च्या आसपास, त्यातले दोनशे-सव्वादोनशे एकट्या कन्सोलचे. पिक्चर बघताना दीडशेच्या वर क्वचित. म्हणजे खरा करंट दीड ॲम्पिअर. मीटर ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा लावून बघाच, अंदाज करायची गरजच राहत नाही.

मग जुनी स्ट्रिप का बदलली? तिच्या शेवटच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी झालं होतं आणि तिथे टीव्हीचा प्लग लावला की जरा हात लागला तरी टीव्ही बंद होऊन परत चालू व्हायचा. ते सॉकेट मोकळं असायचं म्हणून घरातलं कुणीही व्हॅक्यूम क्लीनर तिथेच लावायचं. क्लीनर 1600 वॅटचा, वर आपले साडेतीनशे, झाले साडेआठ ॲम्पिअर, तेही 6 ॲम्पिअरच्या स्ट्रिपमधून. आता कुणी म्हणेल की ओव्हरलोड बटण होतं ना, ते का नाही पडलं? ते बटण आत गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीवर चालतं, दीडपट करंटला ते लगेच पडत नाही, त्याला बराच वेळ लागू शकतो, आणि क्लीनर त्याआधीच बंद होतो. दुसरं म्हणजे ते फक्त करंट बघतं. प्लगची पीन आत ढिली बसलीये हे त्याला कळायचा काही मार्गच नाही, कारण ढिल्या जोडाने करंट वाढत नाही, फक्त ती एक जागा तापते. भिंतीतला एमसीबी पण इथे आंधळाच.

ती जागा किती तापते याचं गणित छोटं आहे. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले जोडाचा रेझिस्टन्स. समजा ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झालाय. आपल्या गेमिंगच्या दीड ॲम्पिअरला तिथे जेमतेम 1 वॅट उष्णता होते, कोमट लागेल इतकंच. त्याच जोडातून 2000 वॅटचा हीटर चालवला, म्हणजे नऊ ॲम्पिअरच्या जवळपास, तर करंट सहापट आणि उष्णता छत्तीसपट, जवळजवळ 40 वॅट, म्हणजे प्लास्टिकच्या आत सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखंच. एकदा तापलं की पत्र्याचा स्प्रिंगपणा जातो, पकड अजून ढिली होते, मग पुढच्या वेळी आणखी तापतं. म्हणून धोका त्या चौघांचा नसतो, रिकाम्या दिसणाऱ्या पाचव्या सॉकेटचा असतो. इस्त्री, हीटर, किटली, क्लीनर यांना थेट भिंत, तीही मोठ्या सॉकेटची, हा नियम आता घरात पक्का आहे.

नवीन घेताना काय बघितलं ते सांगतो. वायरच्या कव्हरवर बारीक अक्षरात जाडी छापलेली असते, 3 × 0.75 असेल तर 6 ॲम्पिअरपुरती ठीक, मी 3 × 1.0 वाली घेतली, स्ट्रिपवर 10 ॲम्पिअर लिहिलंय. पण ती भिंतीच्या 6 च्या सॉकेटला लावली तर मर्यादा 6 चीच राहते हे विसरू नका. मग प्रत्येक भोकात प्लग घालून बघितला, ओढताना जोर लागला पाहिजे. इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही, टीव्ही-कन्सोलचे दोन पीनचे चपटे प्लग असतात त्यांच्या पीना 4 मिलिमीटरच्या आणि आपल्या नेहमीच्या छोट्या तीन पीन प्लगच्या साधारण 5 च्या, त्यामुळे "कुठलाही प्लग चालेल" वाल्या सॉकेटमध्ये बारीक पीना लटपटतात. तशा दोन स्ट्रिपा मी लगेच बाजूला ठेवल्या.

प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच असणं रोजच्या वापरात खरंच कामाला येतं. राउटर चोवीस तास चालू, साउंडबार रात्री बंद. कन्सोल रेस्ट मोडमध्ये असताना स्विच मारायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो तक्रार करतो आणि स्टोरेज तपासत बसतो. ओएलईडी टीव्ही असेल तर त्यालाही स्टँडबायवर ठेवा, पॅनलची साफसफाई तो बंद झाल्यावर करतो.

आता महिने गेल्यावर काय दिसतंय. दोन तास गेम झाला की मी भिंतीतला प्लग आणि स्ट्रिपची दोन्ही टोकं हाताने बघतो. कोमट सुद्धा नसतात, फक्त राउटरचा अडॅप्टर गरम असतो आणि तो तसाच असतो. एखादा प्लग बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, चरचर आवाज आला किंवा जळकट वास आला तर लोड कमी करून भागणार नाही, ते सॉकेट वापरातून काढायचं. कधी नुसता राउटर रीस्टार्ट झाला तर नेट कंपनीला फोन करण्याआधी त्याचा प्लग हलवून बघा.

तक्रारी पण आहेत. राउटरचा जाडा अडॅप्टर शेजारचं सॉकेट झाकतो, सहापैकी पाचच हाताशी राहतात. वायर लांब आहे आणि उरलेली गुंडाळून युनिटच्या मागे कोंबायचा मोह होतो, पण गुंडाळीत उष्णता अडकते म्हणून मी ती मोकळी सोडलीये, दिसायला वाईट दिसते. दुसरी स्ट्रिप पहिलीत लावून लांबी वाढवायची नाही, दोन्हीचा करंट पहिल्याच प्लगमधून जातो.

सर्ज प्रोटेक्शनचं, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून यंत्रं वाचवण्याचं म्हणाल तर आतले एमओव्ही नावाचे तुकडे प्रत्येक मोठा झटका झेलताना थोडे झिजतात आणि एक दिवस संपतात, स्ट्रिप मात्र चालूच राहते. माझ्या स्ट्रिपवर प्रोटेक्शनचा वेगळा हिरवा दिवा आहे, तो विझला की ती फक्त एक्स्टेंशन बोर्ड उरते. अर्थिंगच्या बाजूने झटका वळवायचा असेल तर भिंतीत अर्थ खरंच जोडलेला पाहिजे, नाहीतर तिथले एमओव्ही नुसतेच बसून असतात, म्हणून स्ट्रिप लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घेतला. हिरवा दिवा रात्री डोळ्यात जातो, त्यावर चिकटपट्टी लावायचा मोह टाळून स्ट्रिपच उलटीकडे वळवून ठेवलीये, आठवड्यातून एकदा वाकून बघावं लागतं एवढंच.