जर्मनीतला पहिला आठवडा आणि गेलेले २,६०० युरो

जर्मनीत शिकायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात भाड्याच्या घरापायी फसलो. डायरीत लिहिलेलं जसंच्या तसं देतोय. टिपा नंतरच्या, डोकं थोडं ठिकाणावर आल्यावर लिहिलेल्या. "मालक लंडनला असतो, पैसे भरा, चावी कुरिअरने येईल" या प्रकाराला मी फसलेलो नाही, हे आधीच सांगतो. तो प्रकार मलाही माहीत होता. माझ्यासमोर हाडामांसाचा माणूस उभा होता आणि मी घरात पाय ठेवून आलो होतो.

सोमवार. पोचलो. हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत एक पलंग, रात्रीचे ३८ युरो. सीनियर म्हणाला, घर शोध आणि लगेच आनमेल्डुंग कर, त्याशिवाय इथे पान हलत नाही.

टीप: आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. टॅक्स नंबर, रेसिडेन्स परमिट, सगळं या नोंदीला टांगलेलं. ठगाला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. नवा माणूस घर शोधत नसतो, तो हा कागद शोधत असतो.

मंगळवार. सकाळपासून मेसेज पाठवतोय. कुणाचं उत्तर नाही. संध्याकाळी एक आलं! एक खोली, किचन, बाथरूम. काल्टमीटे, म्हणजे नुसतं घराचं भाडं, ६२०, वरचा खर्च सगळा धरून ७४०. उद्या बघायला बोलावलंय.

बुधवार. घर मस्त. उजेड आहे, ट्राम खालीच. माणूस चाळिशीचा, नीट कपडे, इंग्रजी चांगलं. म्हणाला, "अजून चार जण बघून गेलेत, पण विद्यार्थी असेल तर मला बरं वाटतं." आनमेल्डुंगचा फॉर्म भरून, सही करून हातातच दिला. पासपोर्टची कॉपी मागितली, पाठवली.

टीप: या एका दिवसावर मी किती रात्री घालवल्यात विचारू नका. इथे इमारतीच्या दारावर फ्लॅट नंबर नसतात, बेलशेजारी आडनावं असतात. पोस्टमनही नाव बघूनच पत्र टाकतो. त्या घराच्या बेलशेजारी आडनाव नव्हतं, नुसतं "Apartment 3" छापलेलं होतं. कुंपणाच्या गजाला आकड्यांचं कुलूप असलेली छोटी डबी लटकत होती आणि त्याने चावी त्या डबीतून काढली. आत बेसिनपाशी साबणाच्या इवल्या बाटल्या, फ्रिजवर वायफायचा पासवर्ड लॅमिनेट करून चिकटवलेला. स्वतःच्या घरात वायफायचा पासवर्ड लॅमिनेट करून कोण ठेवतं? ते पर्यटकांना दिवसांवर देतात तसलं घर होतं. याने ते चार-पाच दिवसांसाठी घेतलेलं, आणि त्यात रांगेने आमच्यासारख्यांना फिरवत होता. पण मला सांगा, दोन दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्या माणसाला बेलशेजारची पाटी कशी असावी हे कुठून कळणार?

फॉर्मचं म्हणाल तर तो नगरपालिकेच्या साइटवर फुकट मिळतो. कुणीही डाउनलोड करावा, कुणीही सही ठोकावी.

गुरुवार. करार मेलवर आला. डिपॉझिट १,८६० आणि पहिल्या महिन्याचं भाडं ७४०, एकूण २,६०० युरो. पाठवले. म्हणाला, एश्टसाइट-युबरवाइजुंग, म्हणजे तत्काळ ट्रान्सफर कर, पैसे दिसले की चावीच्या डबीचा कोड देतो. दिला. शनिवारी दुपारी बाराला राहायला जायचं. बाबांना फोन केला, घर मिळालं म्हणून.

टीप: डिपॉझिट बरोब्बर तीन काल्टमीटे, म्हणजे कायद्याने मागता येतं तेवढंच. म्हणून तर मला शंका आली नाही! पण तोच कायदा असंही सांगतो की डिपॉझिट तीन समान हप्त्यांत भरता येतं आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा. चावी हातात पडण्याआधी पूर्ण रक्कम मागणारा मालक दिसला की उठून चालू लागा.

आणि आता ते ठिकाण, जे आठवलं की अजून कानशिलं तापतात. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी खात्याचं नाव आणि आयबॅन, म्हणजे युरोपातला खाते क्रमांक, जुळतं का ते तपासून दाखवावं लागतं. मी पाठवले ते त्यानंतरच्याच आठवड्यात. अ‍ॅपमध्ये लाल चौकट आली, जर्मनमध्ये, नाव जुळत नाही अशी. मी त्याला लगेच मेसेज केला. उत्तर आलं, "खातं बायकोच्या नावावर आहे, ही नवी सिस्टीम सगळ्यांनाच त्रास देतेय." सिस्टीम खरंच नवी होती, त्यामुळे पटलं. आयबॅनची सुरुवातही DE ने नव्हती, LT ने होती. जर्मनीत घर आणि खातं लिथुआनियात. परदेशी आयबॅन बेकायदा नसतो, पण हे दोन्ही एकत्र आले तर थांबा. आणि एश्टसाइट म्हणजे दहा सेकंदांत पैसे पलीकडे. साधी ट्रान्सफर निदान अडवायला थोडा वेळ तरी देते.

शनिवार. कोड चालत नाही. बेल वाजवली तर आतून दोन लहान मुलं आणि त्यांचे आईबाप बाहेर आले, हातात शहराचा नकाशा. फोन बंद. बॅगा घेऊन परत हॉस्टेल.

रविवार. सगळं बंद. बँकेची हॉटलाइनही.

टीप: इथून पुढची कथा खरं तर वेगळी लिहायला हवी. शनिवारी संध्याकाळीच पोलीस चौकीत गेलो. काउंटरवरच्याने विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" आणि ऑनलाइन तक्रार करा म्हणाला. ऑनलाइन केली, भाषांतर करत करत, रात्रीपर्यंत. आक्टेनत्साइशेन, म्हणजे केस नंबर मिळाला, आणि काही महिन्यांनी सरकारी वकिलाकडून पत्र: आरोपीचा पत्ता लागत नाही, तपास बंद. लिथुआनियातल्या खात्याला मालक असेल ना कुणीतरी? नाव बँकेकडे असेलच ना? ते कुणी विचारलं का, हे मी विचारलं तर त्यावर उत्तर नाही. बँकेने सोमवारी पैसे परत मागवण्याची विनंती पुढे पाठवली आणि त्याचे २५ युरो कापले. समोरचा खातेदार तयार असला तरच पैसे परत येतात म्हणे. ठग तयार होईल होय! वर उत्तर दिलं की चौकट दाखवली होती, तुम्ही "पुढे जा" दाबलंत, आमची जबाबदारी संपली. विद्यापीठातल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, हे सगळं आम्ही ओरिएंटेशनमध्ये सांगतो. ओरिएंटेशन त्यानंतरच्या सोमवारी होतं. आपल्या वकिलातीने मेलला उत्तर दिलं, स्थानिक पोलिसांशी संपर्क साधा.

पासपोर्टची कॉपी अजून त्याच्याकडेच आहे. तुम्ही पाठवाल तेव्हा तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक घर बघण्यासाठी", तारखेसकट, आणि नंबर झाका. मी आता अधूनमधून शूफाकडे, म्हणजे इथल्या क्रेडिट नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, माझ्या नोंदींची फुकट प्रत मागतो. माझ्या नावावर कुणी फोनचं कनेक्शन किंवा खातं घेतलं तर त्यात दिसण्याची शक्यता असते. त्यासाठी पैसे मागणारं बटण वर मोठं असतं, फुकटचं खाली बारीक अक्षरात, "डाटेनकोपी" नावाने. तेच दाबा.

खात्यात ५५० उरले होते. व्हिसासाठी ब्लॉक केलेल्या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते, त्यातले पुढचे ९९२ महिन्याच्या सुरुवातीला यायचे होते, तोवर हॉस्टेलचे ३८ रोज सुरूच. जाहिरात परवा पुन्हा दिसली. तोच फोटो, तीच खिडकी, भाडं मात्र २० युरोंनी वाढवलंय. रिपोर्ट केलं. आपोआप आलेलं उत्तर: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.