संपादकाला लिहिलेलं पत्र, बारा खण आणि ४,९९,००० वॉन

कोरियात संशोधनासाठी आलेल्या आणि येऊ घातलेल्या आपल्या सगळ्या मुलामुलींनी हे वाचावं म्हणून लिहितोय. लिहायला लाज वाटते आहे. पण गप्प बसलो तर तोच माणूस उद्या तुमच्यातल्या कुणाला तरी गाठेल.

आमचा पेपर इथल्या संशोधकांच्या एका सोसायटीच्या कोरियन जर्नलला गेला होता. गॅस सेन्सरच्या पातळ थरांवरचं काम, माझं आणि लॅबमधल्या एका कोरियन सहकाऱ्याचं. मूळ पेपर त्यानेच कोरियनमध्ये लिहिला होता. मधल्या काळात त्याची पीएचडी झाली, तो कंपनीत लागला आणि पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून नाव माझं राहिलं. निकाल आला 'सुजंग हू जेशिम', म्हणजे सुधारून द्या, पुन्हा तपासू. तीन परीक्षकांचे मिळून बारा मुद्दे होते आणि मुदत दोन आठवड्यांची. पेपरमधल्या दुरुस्त्या सहकाऱ्याने दोन रात्री जागून करून दिल्या. त्याच्याकडे आणखी वेळ मागायची मला हिंमत झाली नाही. उरलं संपादकाला द्यायचं पत्र आणि त्यासोबतचा दुरुस्त्यांचा तक्ता: डावीकडे परीक्षकाचा मुद्दा, उजवीकडे आपलं उत्तर आणि पान क्रमांक. ते मी इंग्रजीत नीट लिहिलं. कोरियनमध्ये करून घ्यायचं होतं आणि नेमका चुसॉकचा सण आला. लॅब रिकामी, प्रोफेसर गावाला. सणाच्या दिवसांत कुणाला फोन करून 'माझं पत्र बघ' म्हणायचं, हे मला जमलं नाही. तुम्हाला जमलं असतं का?

हॉस्टेलच्या बोर्डावर जाहिरात होती: शोधनिबंधांचं भाषांतर, चोवीस तास, सुट्टीतही. चॅटवर बोलणं झालं. माणूस अदबीने बोलायचा, इंग्रजी स्वच्छ. १,७५० शब्द, शब्दाला १२० वॉन, म्हणजे २,१०,०००. तातडीचे म्हणून निम्मे वर, १,०५,०००. उलट भाषांतराचे, म्हणजे कोरियन पुन्हा इंग्रजीत करून दाखवायचे, ६०,०००. भाषांतराच्या प्रमाणपत्राचे ४४,०००. एकूण ४,१९,००० वॉन, सगळे आधी, एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. कॅश रिसीट, म्हणजे करखात्यात नोंद होणारी पावती, मागितली तर म्हणाला, रिसीट हवी असेल तर दहा टक्के कर वर लागेल. मी नको म्हटलं. ती रिसीट हा माझ्या हातातला एकमेव सरकारी कागद ठरला असता. दहा टक्के वाचवायला मी तो स्वतःहून सोडला.

कुणी म्हणेल, आधी नमुना का मागितला नाहीस? मागितला होता! पहिल्या शंभर शब्दांचा मागितला आणि तो उत्तम आला. नंतर कळलं की संपादकाच्या पत्राची सुरुवात कोरियनमध्ये ठरलेलीच असते. प्योनजिप विवोनजांग, म्हणजे मुख्य संपादकांना मान देऊन संबोधन, सोसायटीच्या भरभराटीच्या शुभेच्छा, अमुक क्रमांकाचा पेपर सुधारून सादर करत आहोत, आणि शेवटी नावापुढे 'दुरिम' किंवा 'ओल्लिम', म्हणजे आपलं 'सविनय सादर'. हे प्रत्येकाकडे तयार पडलेलं असतं. नमुना घ्यायचाच तर तक्त्यातला सर्वात अवघड खण द्या, जिथे तुम्ही परीक्षकाला नम्रपणे नाही म्हटलंय तो.

कारण सगळी मेख तिथेच होती. बारापैकी नऊ मुद्दे आम्ही मान्य केले होते, तीन नव्हते. दुसऱ्या परीक्षकाने ५० टक्के आर्द्रतेला पुन्हा मोजमाप घ्यायला सांगितलं होतं. आमच्याकडे तशी सोय नव्हती. मी लिहिलं होतं की हे मोजमाप आम्ही घेतलेलं नाही, तीनपैकी दोन नमुने आता शिल्लकही नाहीत, म्हणून ही मर्यादा भाग ४.२ मध्ये स्पष्ट नोंदवली आहे. प्रामाणिक उत्तर होतं ते. एकेक शब्द तोलून लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी फाइल्स आल्या: कोरियन पत्र, तक्ता, इंग्रजीतलं उलट भाषांतर आणि लाल गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र. पत्राचं पहिलं पान मी फोनवर भाषांतर करून पाहिलं, ते ठीक निघालं. पुढचं तपासलं नाही, कारण उलट भाषांतर हातात होतं आणि ते माझ्या मूळ मजकुराशी छान जुळत होतं. इतकं जुळत होतं की मला बरं वाटलं.

आणि हा तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. आर्द्रतेच्या खणात, 'मर्यादा' या शब्दाआधी, मूळ इंग्रजी लिहिताना माझ्याकडून 'the', म्हणजे 'द' हा शब्द, दोनदा टाइप झाला होता. उलट भाषांतरात त्याच जागी तसेच दोन 'द' होते. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. 'अरे, माझी चूक त्यांच्याकडेही राहिली' असं मनात म्हणून पुढे गेलो. कोरियनमध्ये 'द' नावाचा प्रकारच नाही, जसा आपल्या मराठीत नाही. मजकूर खरोखर इंग्रजीतून कोरियनमध्ये आणि तिथून परत आला असता, तर तो दुहेरी 'द' वाटेत टिकणं शक्यच नव्हतं. म्हणजे उलट भाषांतर कोरियनवरून झालेलंच नव्हतं. माझंच इंग्रजी घेऊन चार शब्द इकडचे तिकडे करून मला ६०,००० वॉनला विकलं होतं. भाषा शिकलेला माणूस मी नाही, पण एवढं मला कळायला हवं होतं. रात्रीचे दोन वाजले होते, मुदत सकाळी संपत होती. मी अपलोड केलं.

तीन आठवड्यांनी संपादक कार्यालयाचा मेल आला: तक्त्यात दुरुस्ती केली असं लिहिलंय, सांगितलेल्या पानांवर ती दिसत नाही, तीन दिवसांत खुलासा द्या. मी त्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, तुमचं मूळ इंग्रजी संदिग्ध होतं, फेरदुरुस्तीचे ८०,००० पडतील. मी तेही भरले! तीनच दिवस होते, दुसरं कोण होतं माझ्याकडे? एकूण ४,९९,००० वॉन झाले, आपले साधारण ३१,००० रुपये. पैसे गेल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

मग लाज गुंडाळून ठेवली आणि शेजारच्या विभागातल्या सांगलीच्या एका ज्युनियरला तक्ता दाखवला. तिचं कोरियन चांगलं आहे. तिने वर-खाली एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दादा, उजवीकडे सगळ्या खणांत एकच वाक्य आहे."

जिजोखे जुशिन देरो सुजंगहायॉस्सुम्निदा. आपण दाखवून दिल्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे. बाराच्या बारा खणांत हेच आणि पुढे पान क्रमांक. नऊ ठिकाणी ते निदान खोटं नव्हतं. तीन ठिकाणी मी, माझ्या सहीने, न केलेली दुरुस्ती केली म्हणून संपादकाला कळवलं होतं. आर्द्रतेच्या खणात 'पान ७' होतं आणि पान ७ वर तसलं काहीच नव्हतं. परीक्षकाला काय वाटलं असेल? हा माणूस खोटं बोलतोय, दुसरं काय वाटणार!

ती म्हणाली ते मला कोरियन न येताही दिसलं असतं, हे जास्त लागतं. आकडे सगळ्या भाषांत आकडेच राहतात. माझ्या इंग्रजी खणात ५० होते, ४.२ होते. कोरियन खणात फक्त ७ होता. प्रत्येक खणातले आकडे बोटाने जुळवले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं. आणि सहा ओळींच्या उत्तराचं एका ओळीत भाषांतर होत नाही. दुसऱ्या भाषेतल्या तक्त्यावर एवढी नजर तरी टाकाच.

तिने खुलासा लिहून दिला, पण चौथ्या दिवशी गेला. निकाल 'गेजे बुलगा', प्रसिद्धीस अयोग्य. कारण एका ओळीत होतं: लेखकांची उत्तरं आणि पेपर यांत मेळ नाही. सहकाऱ्याला हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. त्याचंही नाव होतं त्यावर.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तास-दीड तास बसवलं आणि सांगितलं, काम तर मिळालंय ना, मग वाईट काम हा दिवाणी वाद आहे, फसवणूक नाही. मी दोन 'द' दाखवले. अधिकाऱ्याने कागद हातात घेतला आणि न वाचता परत दिला. बँकेत म्हटलं खातं गोठवा. ते म्हणाले, खातं लगेच थांबवण्याची सोय फोनवरून लुबाडणाऱ्यांसाठी आहे, माल किंवा सेवेच्या व्यवहाराच्या नावाखाली झालेली फसवणूक त्यात बसत नाही. म्हणजे 'सेवा' हा शब्द लावला की चोर सुरक्षित! ग्राहकांच्या मदतवाहिनीला धंद्याचा नोंदणी क्रमांक हवा होता, तो माझ्याकडे असता तर मी त्यांना फोन कशाला केला असता? छोट्या रकमेचा दावा लावावा तर समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे खाते क्रमांक सोडून काही नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाने विचारलं, तुमच्या प्रोफेसरांना माहीत आहे का? मी फसलेलो, आणि प्रश्न मलाच. आणि यातल्या प्रत्येकाला माझं निवेदन कोरियनमध्ये लिहून हवं होतं. प्रत्येकाला! ते कोण लिहून देणार होतं मला?

जर्नलने प्रमाणपत्र मागितलेलंच नव्हतं, हेही सांगून ठेवतो. नोटरीकडे जाऊन केलेलं भाषांतरसुद्धा फक्त एवढंच सांगतं की भाषांतरकाराने शपथेवर सही केली. मजकूर बरोबर आहे की नाही, हे नोटरी तपासत नाही. माझ्याकडचा तर घरी छापलेला शिक्का होता. आणि मुदत? संपादक कार्यालयाला दोन ओळींचा मेल टाकला तर आठवडाभर वाढवून मिळते, हे मला सहकाऱ्याने नंतर सांगितलं.

जाहिरात परवापर्यंत बोर्डावर होती, नाव बदललेलं, चोवीस तासांची ओळ तीच. ज्यांच्याकडे असं लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र आलेलं आहे आणि पेपर अजून परीक्षकांकडे आहे, त्यांनी आज रात्रीच तक्ता उघडून उजवा रकाना वरून खाली बघा. सगळ्या खणांत एकच वाक्य असेल, तर संपादकांचं उत्तर येण्याची वाट बघू नका. स्वतःहून मेल करा, आणि तो इंग्रजीत असला तरी चालेल.