अनुभवाची वर्षं सरळ मोजायची का जुनी वर्षं घटवायची?

आमच्या सोलापुरात एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला रेपियर लूमचा सुपरवायझर हवा होता, दोघं शॉर्टलिस्ट झाले. पहिल्याकडं रेपियरची ८ वर्षं, पण ६ वर्षांपूर्वी काम सोडून किराणा दुकान टाकलेलं. दुसऱ्याकडं ५च, पण सलग आत्तापर्यंत.

सरळ मोजलं की ८ विरुद्ध ५, विषय संपला. हिशोब कुणालाही समजतो आणि कुणी भांडत नाही, पण बंद पडलेली वर्षं आणि कालची वर्षं एकाच भावात जातात ना राव.

दुसरी पद्धत म्हणजे दर ४ वर्षांनी वजन निम्मं. आत्ता सरलेल्या वर्षाला १, त्याच्या n वर्षं आधीच्या वर्षाला `0.5^(n/4)`, आणि सगळ्यांची बेरीज. दुसऱ्याचे १ + ०.८४ + ०.७१ + ०.५९ + ०.५ म्हणजे ३.६४ आले, पहिल्याची ८ वर्षं मिळून फक्त १.६७!

पण खरी मेख त्या ४ मध्ये आहे. तिथं १० टाकून बघा, ४.३७ विरुद्ध ४.१९, जवळपास बरोबरीच. म्हणजे आकडा तुम्ही कसा धरला त्यावर माणूस ठरतोय, म्हणून तो अर्ज बघायच्या आधीच ठरवा. मी तर कंट्रोल पॅनेलच्या कामाला ४ आणि ताण्याची, सुताची पारख असल्या कामाला १० लावीन, कारण ती पारख हातातून इतक्या लवकर जात नाही.

अजून एक, ४ धरला तर ३० वर्षं सलग काम केलेल्यालाही ६.३च्या वर जाता येत नाही. आणि बाळंतपणासाठी थांबलेल्या बाईचा स्कोअर उगाच पडतो, तिथं मी गॅपची वर्षं मोजतच नाही.